एका पासवर्डाच्या जागी अडतीस लॉगिन: बडोद्यातल्या एका सीए ऑफिसचं प्रकरण

बडोद्यात रावपुऱ्याच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर हे सीएंचं ऑफिस आहे. माणसं अडतीस, त्यातली चौदा आर्टिकलची, म्हणजे सीए होण्यासाठी इथे उमेदवारी करणारी मुलं. मालक वडिलांच्या ओळखीतले, म्हणून मी त्यांना काका म्हणतो, आणि त्यामुळेच बिल देताना माझी जीभ अडखळते. एका दुपारी त्यांचा फोन आला, "अरे, नेट फार रखडतंय, येऊन बघून जा."

ऑफिसात वायफाय पसरवणारे तीन डबे, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, होते. ते सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली तर त्या क्षणी एकाहत्तर नावं दिसत होती. अडतीस माणसांचे फोन आणि लॅपटॉप धरले तर आकडा वावगा नव्हता, पण यादी वाचायला काकांनाच बसवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "हा पोरगा तर दिवाळीच्या आधीच गेला." असे सहा निघाले. शिवाय खालच्या सेव उसळवाल्याच्या गल्ल्यावरच्या मुलाचा फोन, आणि कोणाचे ते कोणालाच सांगता आले नाहीत असे चार. पासवर्ड होता `Ganpati@2019`. तो पॅन्ट्रीतल्या फ्रीजच्या दारावर चिकटवलेला होता.

काकांचा उपाय सोपा होता, "दर महिन्याला बदलू की, त्यात काय?" त्यांनी तसं दोनदा केलंही होतं. दोन्ही वेळा आठवड्याभरात नवा पासवर्ड ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि त्या ग्रुपमधून सोडून गेलेल्या मुलांना कोणी काढलेलंच नव्हतं. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची झाली आहे, म्हणजे चौदा मुलांच्या ऑफिसात दर दीड-दोन महिन्यांनी कोणीतरी जाणारच. प्रत्येक वेळी उरलेल्या सगळ्यांचे फोन, लॅपटॉप, प्रिंटर आणि हजेरीचं मशीन पुन्हा जोडत बसणं कोणाला जमणार?

काकांना मी दुसरी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना जास्त झोंबली. घरच्यासारख्या डब्ल्यूपीए2 वायफायमध्ये सगळ्यांची मूळ किल्ली त्या एका पासवर्डातूनच तयार होते. फोन जोडला जाताना त्याच्यात आणि ॲक्सेस पॉइंटमध्ये चार निरोपांची देवाणघेवाण होते. पासवर्ड ठाऊक असलेल्या माणसाने ती हवेतून पकडून ठेवली की त्या फोनची पुढची रहदारी त्याला उलगडता येते. बहुतेक वेबसाइट वर स्वतःचं कुलूप लावतात हे खरं. पण या ऑफिसात जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर आणि फाइल शेअरिंग आतल्या आत, बिनकुलपाचंच चालायचं. जिन्यात बसलेल्या जुन्या आर्टिकलला पक्षकारांचे ताळेबंद वाचता आले असते. त्याने वाचले असं मी म्हणत नाही, पण वाचायचं ठरवलं असतं तर अडवायला काहीच नव्हतं.

म्हणून ठरलं की प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड द्यायचा. कंट्रोलरमध्ये याला `WPA2-Enterprise` म्हणतात. यात ॲक्सेस पॉइंट फक्त दरवान असतो. त्याला कोणाचाच पासवर्ड माहीत नसतो. आलेल्याचं पाकीट तो आत मुनिमाकडे नेतो, मुनीम वही बघून हो किंवा नाही म्हणतो, आणि हो म्हटल्यावर त्या एका जोडणीपुरती वेगळी किल्ली तयार होते. हा मुनीम म्हणजे रेडियस सर्व्हर. आम्ही फाइल सर्व्हरशेजारच्या एका छोट्या डब्यावर उबुंटू टाकून फ्रीरेडियस चालवला. तो फुकट आहे आणि अडतीस माणसांसाठी त्याला घामही फुटत नाही.

दरवान आणि मुनीम यांच्यात एक खूणशब्द असतो आणि पहिली अडचण तिथेच आली. पुढच्या दालनातले फोन जोडले जात होते, मागच्या खोलीतले नाही. मागचे लोक साहजिकच आपापला पासवर्ड पुन्हापुन्हा टाकत बसले. सर्व्हर थांबवून `freeradius -X` असा समोर चालवला, म्हणजे तो काय करतोय ते ओळीओळीने पडद्यावर उमटतं. मागच्या ॲक्सेस पॉइंटकडून आलेल्या प्रत्येक पाकिटापुढे `Shared secret is incorrect` येत होतं. खूणशब्द चिकटवताना शेवटी एक मोकळी जागा चिकटली होती. एकाच कोपऱ्यातल्या सगळ्यांची तक्रार आली तर माणसांचे पासवर्ड तपासत बसू नये, आधी तिथल्या दरवानाचा खूणशब्द बघावा.

लॉगिनची पद्धत मी पीइएपी निवडली, म्हणजे नाव आणि पासवर्डवाली. प्रत्येक उपकरणात स्वतंत्र सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, घालायची दुसरी पद्धत जास्त पक्की आहे, पण इथे फोन ज्याचे त्याचे स्वतःचे, ते ताब्यात ठेवायची कुठलीही व्यवस्था नाही, आणि आर्टिकलची मुलं फोन बदलतात रुमालासारखे. ऑफिसच्या मालकीच्या लॅपटॉपांसाठी ती पद्धत पुढे घ्यावी असं माझं मत आजही आहे. पीइएपीची एक अट मात्र आधीच समजून घेतलेली बरी. तिच्या आत एमएसचॅपव्ही2 नावाची जुनी देवघेव चालते आणि ती चालायला सर्व्हरवर पासवर्ड एकतर उघडा किंवा एनटी हॅश या कमकुवत ठशाच्या रूपात ठेवावा लागतो. आजच्या चांगल्या वेबसाइट ठेवतात तसा पक्क्या हॅशमध्ये ठेवून भागत नाही. म्हणून वायफायचा पासवर्ड मेलच्या किंवा टॅक्स पोर्टलच्या पासवर्डाशी जुळणारा नको. कोणाला निवडूच दिला नाही, मीच बनवून छापील चिठ्ठ्या वाटल्या.

इथवर सगळं दोन दिवसांत झालं, आणि मग मी चूक केली. फोनमध्ये `CA certificate` असा रकाना असतो. त्यात सरळ `Do not validate` निवडलं की पुढे कटकट नाही. अँड्रॉइड 11 च्या डिसेंबर 2020 च्या अपडेटनंतर पिक्सेल फोनांतून हा पर्याय गेला, पण बऱ्याच कंपन्यांच्या फोनांत तो राहिला. शनिवारची संध्याकाळ होती आणि लोकांना घरी जायचं होतं. ज्या फोनांत दिसला तिथे मी तोच निवडला. लॅपटॉपांवर विंडोज विचारतं की हे नेटवर्क या ठिकाणी अपेक्षित असेल तरच जोडा. तिथे सगळ्यांनी `Connect` दाबलं. सोमवारी काका खूश. मीही खूश होतो, पण रात्री झोप लागेना.

कारण असं की फोन मुनिमाशी बोलण्याआधी एक बंद बोगदा तयार करतो आणि पासवर्डाचा पुरावा त्या बोगद्यातून पाठवतो. बोगद्याच्या पलीकडे खरंच आपलाच मुनीम बसलाय हे सर्टिफिकेटवरून कळतं. ते तपासायचंच नाही असं सांगितलं, तर त्याच नावाचं वायफाय लावणारा कोणीही मुनीम होऊन बसतो. आणि एमएसचॅपव्ही2 चा पुरावा एकदा हातात पडला की लांब पासवर्डही वाचवत नाही. 2012 मध्ये डेफकॉन परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं होतं की तो फोडायला डीइएस या जुन्या कूटपद्धतीच्या एकाच किल्लीचा शोध पुरतो. त्यातून एनटी हॅश हाती येतो आणि आत शिरायला तेवढा हॅशच पुरेसा असतो. म्हणजे मी लोकांना फ्रीजवरच्या चिठ्ठीतून सोडवलं होतं आणि त्याबदल्यात प्रत्येकाचं नाव आणि त्याच्या किल्लीचा ठसा जिन्यात उभ्या असलेल्या कोणालाही मिळेल अशी सोय करून दिली होती.

काकांना हे सांगायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "दाखव." त्यांच्याकडून लेखी परवानगी घेतली, त्यांनाच बरोबर घेतलं आणि जिन्यातल्या मधल्या वळणावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. ऑफिसचंच नाव लावलेलं खोटं वायफाय, मागे खोटा मुनीम. जेवणाची सुट्टी झाली, माणसं खाली उतरू लागली. वळणावर आमचा सिग्नल ऑफिसच्या सिग्नलपेक्षा जोरदार होता, त्यामुळे खिशातले फोन आपणहून आमच्याशी बोलायला लागले. वीस मिनिटांत अकरा नावं, प्रत्येकापुढे पुराव्याची लांबलचक ओळ. कोणीही खिशातून फोन काढला नव्हता. एका ताईंच्या नावाची ओळ उमटली आणि त्याच क्षणी त्या डबा धुऊन आमच्या शेजारून वर गेल्या. "इथे काय करताय हो?" काकांनी उत्तर दिलं नाही. लॅपटॉप मिटून मला म्हणाले, "सगळं पुन्हा कर. आणि या सगळ्यांचे पासवर्ड आजच बदल."

पुन्हा करताना आधी आमचं स्वतःचं मूळ सर्टिफिकेट बनवलं, ज्याच्या सहीने सर्व्हरचं सर्टिफिकेट खरं ठरतं. बाजारातल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून घेता आलं असतं, पण तिथे तीच संस्था कोणालाही त्याच्या स्वतःच्या नावाचं सर्टिफिकेट देते, त्यामुळे फोनमधला `Domain` रकाना बिनचूक भरण्यावर सगळी भिस्त राहते. आमच्या मुळातून फक्त आमच्याच सर्व्हरचं सर्टिफिकेट निघतं. तरीही `Domain` मध्ये सर्व्हरचं नाव, `radius.daftar.internal`, भरायचं ठरवलंच.

अँड्रॉइडवर मुळाची फाइल घालताना तीन पर्याय येतात. `CA certificate` हाच बरोबर वाटतो, पण तो वायफायसाठी नाही आणि निवडला तर फोन घाबरवणारा इशारा देतो. वायफायसाठी त्याच पानावर `Wi-Fi certificate` असा वेगळा पर्याय असतो. हे न कळल्यामुळे पहिल्या दिवशी पाच जणांनी फाइल चुकीच्या जागी घातली आणि मग "माझ्या फोनात ते नावच येत नाही" म्हणून आले. `Anonymous identity` मध्ये सगळ्यांनी `anonymous` लिहिलं, म्हणजे बोगद्याबाहेर कोणाचं खरं नावही दिसत नाही. आयफोनवाल्यांना सगळं आधीच भरलेली प्रोफाइल फाइल दिली, विंडोजवाल्यांसाठी एक फाइल बनवून अशी चढवली:

```
netsh wlan add profile filename="daftar.xml"
```

एका माणसामागे सरासरी आठ-दहा मिनिटं गेली. ऑफिस बंद न करता, रोज दहा जण असं चार दिवसांत झालं. मग पुन्हा जिना, पुन्हा जेवणाची सुट्टी. या वेळी फोन आमच्या दारात येत होते, सर्टिफिकेट बघत होते आणि `unknown CA` म्हणून परत फिरत होते. एक नाव तरीही सापडलं. त्या गृहस्थांनी लॅपटॉपवर नेट अडकलं म्हणून नेटवर्क पुसून टाकलं होतं आणि परत हाताने जोडताना सवयीने `Connect` दाबलं होतं. ही भेग पूर्ण बुजत नाही. लोकांना इतकंच सांगितलं की नेटवर्क पुसलंत तर स्वतः जोडू नका, माझ्याकडे या.

प्रिंटर, हजेरीचं मशीन आणि कॅमेरे या खेळात नव्हतेच, त्यांना असं लॉगिन येत नाही. त्यांच्यासाठी वेगळं नाव, वेगळा साधा पासवर्ड आणि वेगळा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्काचा वेगळा कप्पा, ठेवला, तिथून फाइल सर्व्हर दिसत नाही. पाहुण्यांनाही असाच वेगळा.

दोन महिने शांततेत गेले. मग एका सोमवारी सकाळी पावणेदहाला फोनवर फोन. "भाई, नेट नथी चालतुं." काही जणांनी चिठ्ठीवरचा पासवर्ड चुकीचा आहे असं ठरवून टाकलं होतं. एकाने फोन रीसेट करायला घेतला होता, त्याला ओरडून थांबवलं. आदल्या दिवशी रविवारी ऑफिस बंद होतं म्हणून कोणाला कळलं नव्हतं. लॉगमध्ये प्रत्येकापुढे एकच ओळ: `TLS Alert read:fatal:certificate expired`.

```
openssl x509 -in server.pem -noout -enddate
```

तारीख आदल्या दिवसाची निघाली. फ्रीरेडियसबरोबर सर्टिफिकेट बनवायच्या तयार फाइली येतात. त्यांत मुदत मुद्दामच 60 दिवसांची ठेवलेली असते, कारण ती सर्टिफिकेटं चाचणीपुरतीच धरलेली आहेत. मी `ca.cnf` मधला `default_days` दहा वर्षांचा केला होता आणि `server.cnf` मधला तसाच राहिला होता. मूळ जिवंत, त्यातून निघालेलं मेलेलं. माझं नशीब की उलट झालं नाही. मूळ जिवंत असल्यामुळे त्यातूनच सर्व्हरचं नवं सर्टिफिकेट काढलं आणि अडतीस फोनांपैकी एकालाही हात लावावा लागला नाही. अकराच्या आत सगळे परत जोडले गेले.

त्या घाईत मी `make destroycerts` टाइप करून बसलो होतो, एंटर दाबायचं बाकी होतं. नाव वाचून वाटतं की जुनं सर्टिफिकेट पुसलं जाईल. पण ती आज्ञा त्या फोल्डरमधल्या सगळ्याच किल्ल्या पुसते, मूळसुद्धा. दाबलं असतं तर पुन्हा ते चार दिवस, पुन्हा रोज दहा माणसं. आता मुळाची किल्ली एका पेनड्राइव्हवर काकांच्या तिजोरीत आहे. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत 800 दिवस ठेवली, कारण सर्व्हर सर्टिफिकेटसाठी ॲपलने 825 दिवसांची मर्यादा घातलेली आहे. संपण्याची तारीख काकांनी स्वतःच्या हाताने जीएसटीच्या तारखांच्या डायरीत लिहिली. त्या डायरीतली तारीख या ऑफिसात कधी चुकत नाही.

हे सगळं ज्यासाठी केलं तो प्रसंग त्यानंतर महिन्याभराने आला. एका आर्टिकलचा शेवटचा दिवस होता, दुपारी तीनला त्याने पेढे वाटले. मी मुनिमाच्या वहीतली त्याची ओळ काढून टाकली आणि काकांना सांगितलं, झालं. पाच वाजता काकांचा फोन, "अरे, तो अजून आतच दिसतोय."

दोन गोष्टी एकावर एक आल्या होत्या. फ्रीरेडियस ती वही सुरू होतानाच वाचतो, त्यामुळे ओळ काढल्यावर `systemctl restart freeradius` करावं लागतं, ते मी केलं नव्हतं. केलं तरी आत असलेला माणूस बाहेर पडत नाही, कारण दरवान मुनिमाला फक्त आत घेताना विचारतो. तेव्हा सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि कंट्रोलरवरून त्याचा फोन हाताने तोडला. पण हे दर वेळी आठवणीवर सोडायचं नव्हतं. आता आर्टिकलची ओळ अशी असते:

```
art07  NT-Password := 0x..., Expiration := "31 Mar 2027"
       Session-Timeout = 28800
```

शेवटची तारीख रुजू होतानाच लिहिली जाते, ती उलटली की लॉगिन आपोआप बंद. दुसऱ्या ओळीतले 28800 सेकंद म्हणजे आठ तास, तेवढ्याने दरवान पुन्हा विचारायला जातो. ही ओळ लिहूनही पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. बोगद्याच्या आत मिळालेलं उत्तर आपणहून बाहेर दरवानापर्यंत जात नाही. त्यासाठी `inner-tunnel` फाइलीच्या `post-auth` भागात `if (0)` आहे तिथे `if (1)` करावं लागतं. फाइलीत शेजारीच तसं लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं.

आणखी एक बदल केला. कोण आलं, कोण परत गेलं याची नोंद फ्रीरेडियस मुळात ठेवत नाही, `radiusd.conf` मध्ये `auth = yes` केल्यावर ठेवतो. चुकलेले पासवर्ड नोंदवणारी शेजारची `auth_badpass` मात्र `no` राहू दिली, कारण पीइएपीत पासवर्ड उघड्या रूपात सर्व्हरकडे येतच नाही, मग तो नोंदवणार काय?

काका आता महिन्यातून एकदा तो लॉग माझ्याकडून मागवून घेतात आणि हिशेबाच्या वहीसारखा लाल पेनने खुणा करत वाचतात. परवा एका नावावर बोट ठेवून थांबले. पेढे वाटून गेलेल्या त्या मुलाचं नाव, `Login incorrect`, वेळ दुपारी एक दहा, दुसऱ्या दिवशी एक बारा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी म्हटलं, "घुसायचा प्रयत्न नाही हो काका, फोन आपणहून दार वाजवतो. त्याने जुनं नेटवर्क पुसलेलं नसेल."

काका खिडकीपाशी गेले, खाली वाकून बघितलं. "म्हणजे पोरगा अजून सेव उसळ खायला इथेच येतो," म्हणाले, आणि त्याला वर बोलवायला शिपायाला पाठवलं.